सळई आली नाही म्हणून क्लायंटची शनिवारची व्हिजिट पुढे ढकलली, माझा अनुभव

साताऱ्याजवळ एका बंगल्याचं काम करतोय, 1100 स्क्वेअर फुटाचा पहिला स्लॅब. क्लायंट ठाण्याला असतात, शनिवारी आरसीसी कन्सल्टंटना घेऊन स्टील चेक करायला येणार होते आणि रविवारी स्लॅब भरायचा. सेंटरिंग झालेलं, बीमचं 12 आणि 16 एमएम बांधून तयार. अडकलं ते स्लॅबच्या 8 आणि 10 एमएमवर, सगळं मिळून टनभर माल.

डीलरने सोमवारी देतो म्हणून सांगितलेलं. सोमवारी फोन केला तर "गाडी निघालीय जालन्याहून". मंगळवारी सकाळी "रस्त्यात आहे साहेब", संध्याकाळी "ड्रायव्हर फोन उचलत नाही". बुधवारी दुकानात जाऊन बसलो तर काउंटरवरचा माणूस म्हणे मालकांना विचारतो, आणि मालक बाहेर. दीड तास बसवून ठेवलं मला. अजून आठवलं की डोकं तापतं, कारण माझे पाच फिटर साईटवर नुसते बसून होते आणि सेंटरिंगच्या प्लेटांचं भाडं रोजचं चालू.

शेवटी गुरुवारी दुपारी मी म्हटलं मला गाडीचं ई-वे बिल व्हॉट्सअॅपवर टाका, आत्ता. हे मी सोमवारीच मागायला हवं होतं. त्यात पार्ट ए मध्ये मालाची माहिती भरलेली होती पण पार्ट बी, जिथे गाडीचा नंबर असतो, तो रिकामा. म्हणजे गाडी लागलेलीच नव्हती! मग मालकांना धरलं तेव्हा कळलं, आमच्या टनभर मालासाठी कोण गाडी पाठवणार, बाकीच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी गोळा होऊन पूर्ण लोड झाल्याशिवाय ते गाडी भरतच नाहीत. हे सोमवारी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी क्लायंटला फोन केला असता. गाडी लेट होते हे मी समजू शकतो, पण खोटं सांगितलेलं चालत नाही.

आता क्लायंटला सांगायचं. एवढ्या स्लॅबचं स्टील कापून बांधायला माझ्या लोकांना अडीच दिवस लागतात, त्यावर इलेक्ट्रिशियनच्या पाइपांना अर्धा. म्हणजे शनिवारच्या व्हिजिटसाठी माल बुधवारी सकाळी साईटवर पाहिजे होता. बुधवारी दुपारी माल नाही तेव्हाच व्हिजिट गेलेली होती, मी उगाच "येईल येईल" करत एक दिवस घालवला.

आधी कन्सल्टंटना फोन केला, त्यांना पुढे कुठले दिवस मोकळे आहेत ते विचारून घेतलं. मग चार वाजता क्लायंटना. मेसेज नाही, फोनच. म्हटलं, "सर, शनिवारी येऊ नका. 8 आणि 10 एमएमची सळई आलेली नाही, गाडी अजून भरलेलीच नाही. तुम्ही आलात तर रिकामी सेंटरिंग दिसेल, चेक करायला काही नसेल." ते चिडले. "अहो, मी सुट्टी टाकलीय, बाबा पण येणार होते, कालच सांगायचं ना!" मी म्हटलं, बरोबर आहे सर, कालच सांगायला हवं होतं. पुढची तारीख विचारली तेव्हा मी तारीख दिलीच नाही, म्हटलं माल साईटवर उतरला की त्याचा फोटो पाठवतो, तिथून चौथ्या दिवशी व्हिजिट. त्यानंतर आवाज उतरला त्यांचा. फोन ठेवल्यावर हेच सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून टाकलं, बीमचे फोटो जोडून, म्हणजे घरी बाबांना दाखवता येईल.

एक राहिलं, रविवारचा मिक्सर आणि स्लॅब भरणारी टोळी लगेच कॅन्सल करा, नाहीतर दिवसाची मजुरी मागतात. आणि त्या घाईत क्लायंटनी विचारलंच होतं की 10 एमएम नाही तर गावातल्या दुकानातून 12 घालून टाका ना. मी नाही म्हटलं. सळईचा साइज बदलला की तिच्यातलं अंतर बदलतं, ते कन्सल्टंटने लिहून दिल्याशिवाय मी हात लावत नाही.

शुक्रवारी सकाळी पार्ट बी भरलेलं ई-वे बिल आलं, तेव्हा कुठे जीवात जीव आला. गाडी शनिवारी सकाळी उतरली, फोटो टाकला, मंगळवारी व्हिजिट झाली. कन्सल्टंटनी बाल्कनीच्या वरच्या सळया खाली दबलेल्या पकडल्या, त्यांना वर उचलून धरणाऱ्या सळईच्या चेअर वाढवायला लावल्या, तासाभरात ते काम झालं आणि बुधवारी स्लॅब भरला.