साखरपुड्याची बासुंदी
मे महिन्यातला रविवार, कोल्हापुरात माझी कॅज्युअल्टीची ड्युटी. पावणेचारला एक मुलगी पोट धरून आली, उलट्या थांबेनात, आणि सहापर्यंत त्याच साखरपुड्यातले 19 जण, बेड संपले तसं बाकड्यावरच सलाईन लावत गेलो. मुलीचे मामा भडकलेले, "मटणच खराब होतं मॅडम, त्या आचाऱ्याला सोडत नाही आता."

मी प्रत्येकाला विचारत होते, किती वाजता जेवलात आणि पहिली उलटी कधी झाली. पंगत एकच, एकची. कुणाला अडीच तासांनी, कुणाला चार. ताप एकालाही नाही, जुलाब किरकोळ. तिथंच माझा मटणावरचा संशय कमी झाला. रस्सा मोठ्या पातेल्यात तसाच राहिला की त्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू वाढतो, पण तो टॉक्सिन, म्हणजे विष, करतो आपल्या आतड्यात गेल्यावर, त्याला 8 ते 16 तास लागतात आणि त्रास कळा नि जुलाबाचा. साल्मोनेला सहसा 6 तासांच्या आत दिसत नाही, बहुतेकदा ताप घेऊन येतो. अडीच तासांत एवढ्या उलट्या म्हणजे जंतूला पोटात वाढायला वेळच मिळाला नाही, विष ताटात आलं तेच तयार होऊन. मग उरले दोघं, माणसाच्या कातडीवर नि पिकलेल्या जखमेत असतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस, नाहीतर शिळ्या भातातला बॅसिलस सिरियस. वेळेवरून या दोघांत फरक करता येत नाही, तिथं काय खाल्लं तेच बघावं लागतं. भात बारा वाजता शिजवून गरमच वाढलेला.

मामांना विचारलं, "तुम्ही काय काय घेतलं?"

"तांबडा, पांढरा, मटण, भात, सगळं. शुगर आहे म्हणून बासुंदी तेवढी नाही."

ते ठणठणीत होते. आणि 19 मधले चौघं तर मटण खातच नाहीत.

बासुंदी आदल्या रात्री आटवलेली, गार झाल्यावर हातानं चारोळी-बदाम घालून ढवळलेली, पातेलं फ्रीजमध्ये मावेना म्हणून रात्रभर ओट्यावर. आचारी हात जोडून सांगत होता, "सकाळी दोन उकळ्या आणल्यात मॅडम." माणूस खोटं बोलत नव्हता, उकळीनं जंतू मरतात पण स्टॅफचं टॉक्सिन अर्धा तास उकळलं तरी टिकतं. त्याच्या हाताखालच्या पोराच्या अंगठ्याला चिंधी होती, सोडून बघितली तर आत पिवळा पू.

उरलेल्या बासुंदीचं सॅम्पल पाठवताना फॉर्मवर मुद्दाम लिहिलं की कल्चरवर थांबू नका, टॉक्सिनसुद्धा तपासा, कारण उकळलेल्या बासुंदीत जंतू वाढलाच नाही तर रिपोर्ट क्लीन येईल आणि आळ पुन्हा मटणावर. अंगठ्याचा स्वॅबही घेतला.

पेशंटना सलाईन, ओआरएस आणि उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन एवढंच दिलं. दोन-तीन नातेवाईक अँटिबायोटिक द्या म्हणून मागं लागले, पण विषावर ते काय करणार. सकाळपर्यंत एक आजी सोडून सगळे घरी गेले. त्या रात्री अँटिबायोटिक लिहिलं ते फक्त त्या पोराला, अंगठ्यासाठी.