नुसतं 'test'

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या बायकांचे सरकारी योजनांचे प्रश्न आमच्या संस्थेच्या व्हॉट्सॲपवर येतात, आणि उत्तरं द्यायचं काम माझ्याकडं आहे. भर दुपारी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला: 'test'. बाकी काही नाही.

असा मेसेज पाठवणाऱ्या माणसाला आधी पलीकडचा अंदाज घ्यायचा असतो. कुणी वाचतं का, कुठल्या भाषेत बोलतं, आणि उत्तर आलं की स्क्रीनवर काय झळकतं. आमच्याकडं पूर्वी ठरावीक उत्तर जायचं: नाव, गाव, रेशन कार्ड नंबर, तक्रार लिहा. त्यानंतर बहुतेक जण गप्प व्हायचे, म्हणून मी ते बंद करायला लावलं.

मी लिहिलं, "नमस्कार, तुमचा मेसेज पोचला. मराठी, कन्नड, कसंही लिहा, बोलून पाठवलं तरी चालेल. आज संध्याकाळपर्यंत मी इथंच आहे." त्यात प्रश्न एकही नव्हता. योजनेचं किंवा पैशाचं नावही मुद्दाम घातलं नाही, कारण फोन कुणाच्या हातात आहे ते मला ठाऊक नव्हतं.

निळ्या खुणा झाल्या. बराच वेळ काही नाही. मीही मागं लागले नाही. दुसरा मेसेज गेला की माणसाला घाई केल्यासारखं वाटतं. मग दबक्या आवाजात एक व्हॉइस मेसेज आला. "ताई, फोन शेजारणीचा हाय. गृहलक्ष्मीचे पैसे मला मिळंनात. पोराला इचारलं तर चिडतोय."

आता विचारायला वाट झाली होती. मी एवढंच विचारलं, "मावशी, तुमच्या नावावर किती बँकांत खाती आहेत?" दोन निघाली. गृहलक्ष्मी ही कर्नाटक सरकारची बायकांसाठीची योजना; तिचे महिन्याचे २००० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि दोन खाती असली तर बहुधा शेवटी जोडलेल्या खात्यात. त्यांचं दुसरं खातं मुलानं काढून दिलेलं, पासबुकही त्याच्याचकडं.

कुठलं खातं जोडलंय ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं, पण ओटीपी आधारला लावलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो नंबर मुलाचा. सुरुवातीलाच मी आधार नंबर आणि ओटीपी मागितला असता तर घरात आधी मुलाला कळलं असतं. म्हणून सांगितलं, "आधार कार्ड घेऊन जुन्या बँकेत जा, आणि या खात्याला आधार जोडा म्हणून संमतीचा अर्ज भरून द्या. बोटाचा ठसा लागला तर तुमचाच लागेल." आधीचे हप्ते मात्र दुसऱ्या खात्यातच राहणार होते. खातं त्यांच्या नावाचं, त्यामुळं त्या स्वतः त्या बँकेत जाऊन शिल्लक विचारू शकतात, हेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "हे मेसेज आता पुसून टाकतो." मी म्हटलं, पुसा, आणि परत कधी लागलं तर नुसतं 'test' पाठवलं तरी चालेल.