पेडर रोडचा चढ आणि लॅक्टेट थ्रेशोल्ड

नरिमन पॉइंटहून वरळी सी फेसपर्यंत जाऊन परतण्याचा सुमारे २१ किलोमीटरचा पल्ला मी ऑक्टोबरमध्ये लागोपाठ दोन रविवारी धावलो. पहिल्या खेपेस मरीन ड्राइव्हवरचे शेवटचे चार किलोमीटर पाय ओढत काढावे लागले, दुसऱ्या खेपेस नाही. आणि हा फरक पडला तो परतीच्या वाटेवरील पेडर रोडच्या चढावर.

धावताना स्नायू साखर वापरतात तेव्हा लॅक्टेट तयार होते. ते विष नव्हे. हृदय आणि इतर स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पायदुखीचे खापर त्याच्यावर उगाच फोडले जाते. मात्र वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ते जेवढे वापरले जाते त्यापेक्षा जास्त तयार होते आणि मोरीत पाणी तुंबावे तसे रक्तात साचू लागते. हीच मर्यादा म्हणजे लॅक्टेट थ्रेशोल्ड. सराव असलेला धावक या मर्यादेवर साधारण तासभर टिकतो. तिच्या वर गेल्यास स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा झपाट्याने संपतो आणि तो धावता धावता भरून येत नाही.

माझी मर्यादा मी आधीच अजमावली होती: सपाट रस्त्यावर ३० मिनिटे जमेल तितक्या जोराने एकसारखे धावायचे आणि शेवटच्या २० मिनिटांतील हृदयगतीची सरासरी घ्यायची. ती १६८ आली. त्यामुळे लांब पल्ल्यासाठी मी १५० च्या आत राहायचे ठरवले, आणि सपाटीवर तेव्हा माझा वेग किलोमीटरला ६ मिनिटे ४० सेकंद पडत होता.

पहिल्या रविवारी हाजी अली ओलांडल्यावर हाच वेग मी चढावरही हट्टाने टिकवला. हृदयगती १७४ वर गेली, तोंडून दोन शब्दांपलीकडे काही निघेना आणि उतार लागल्यावरही ती बराच वेळ १६० च्या खाली आली नाही. मरीन ड्राइव्हला पोहोचेपर्यंत वेग ७:५० वर घसरला होता. पुढच्या रविवारी चढावर मी मुद्दाम ७:४५ पर्यंत मंदावलो. चढावर एक मिनिटाहून थोडे अधिक गेले, पण पुढचा सपाट भाग ६:४५ ने पार पडला.

या मार्गाने जाणाऱ्यांनी पहाटे पाचपूर्वी निघावे. दमट हवेत वेग तोच ठेवला तरी तासाभराने हृदयगती आठ-दहा ठोक्यांनी चढते, म्हणून उत्तरार्धात ठरवलेला वेग सोडून द्यावा आणि सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येते का, हे पाहावे. मनगटी घड्याळ कधी कधी पावलांचीच लय ठोके म्हणून दाखवते. सपाटीवर आरामात बोलत असताना ते १७० दाखवत असेल, तर त्याच्यावर विश्वास न ठेवता छातीचा पट्टा वापरावा.