हनुवटीवरचा पांढरा

लग्नसराईत आमच्याकडं मांडवात बसून वेळ घालवायचा एक खात्रीचा उद्योग म्हणजे कोणाची दाढी रंगवलेली आहे ते ओळखणं. मे महिन्यातलं परभणीचं ऊन, कापडी मांडव, आणि त्याखाली पंचेचाळीस-पन्नाशीचे पाहुणे. यातल्या निम्म्यांची दाढी मला लांबूनच कळते. तिचा काळा रंग डोक्यावरच्या काळ्याशी जुळत नाही. डोक्यावरच्या काळ्यात थोडा तपकिरीपणा असतो, ऊन पडलं की तो चमकतो. रंगवलेली दाढी मात्र ऊन गिळून बसते. त्यात कानशिलं पांढरी आणि त्याखाली एकदम डांबरी काळी दाढी सुरू झाली, की दोन वेगळ्या माणसांचे अर्धे-अर्धे चेहरे एकत्र आणल्यासारखं दिसतं.

आमचे साडू शिक्षक आहेत, माझ्यापेक्षा थोरले. दाढी ठेवतात, बारीक, पाच-सहा मिलिमीटरची. बहुतेकांचं पिकतं तसं त्यांचंही आधी हनुवटीवर पिकलं. मग मिशीच्या दोन्ही कडा आणि शेवटी कानाजवळची. गाल अजून काळेच. आता हनुवटीवर एवढा पांढरा ठिपका असला की माणूस समोरून बोलताना त्या ठिपक्याकडंच बघतो. मुलीचा साखरपुडा ठरला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पाव्हणं, रंगवावी का?"

माझं मत असं आहे, की पांढरं सगळीकडं सारखं पसरलं असेल तर रंगवू नये. मिठामिरीची दाढी चांगली दिसते आणि ती सांभाळायला काही लागत नाही. पांढरीशुभ्र झाली असेल तर त्याहून रंगवू नये, कारण पिकलेल्या भुवया आणि कपाळावरच्या आठ्यांखाली काळी दाढी खोटी वाटणारच. रंगाचा खरा उपयोग आहे तो साडूंसारख्या प्रकरणात, जिथं पांढरं एकाच जागी गोळा झालेलं असतं. तिथंही सगळं झाकायचं नाही, तो ठिपका फक्त बाकीच्या दाढीत मिसळवायचा. पांढरं शून्यावर आणायला निघालेला माणूस हमखास पकडला जातो.

साडूंचा पहिला विचार काळ्या मेहंदीचा होता. दहा-वीस रुपयांची पुडी, पाण्यात कालवली की झालं. शिवाय पुडीवर पानाफुलांची चित्रं असतात, त्यामुळं माणसाला वाटतं की झाडपाल्यानं कसला अपाय होणार. आता मेहंदी आपल्याकडं नवी नाही. छत्रपती संभाजीनगरात किंवा नांदेडात चौकात उभं राहिलं तर मेहंदी लावलेल्या केशरी दाढ्या दिसतातच. खऱ्या मेहंदीचा पांढऱ्या केसावर रंग तोच, केशरी-तांबूस. तिच्यावर नंतर निळीच्या पानांची पूड लावली तर गडद तपकिरी ते काळा येतो, पण त्यात काही तास जातात आणि रंग पुढं दिवसभर, कधी दोन दिवस, मुरत राहतो. तेव्हा जी मेहंदी अर्ध्या तासात केस काळेकुळकुळीत करते, तिच्यात निव्वळ मेहंदी नसते. पुडीच्या मागं बारीक अक्षरात बहुतेक वेळा पॅरा-फिनिलिनडायमाइन हे केस काळे करणारं रसायन लिहिलेलं सापडतं. लोक त्याला पीपीडी म्हणतात. डब्यातल्या क्रीमच्या रंगातही बहुधा हेच असतं, आणि 'अमोनिया नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलं म्हणून पीपीडी नाही असं होत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे पीपीडी कोणाला सोसतं, कोणाला नाही. नाही सोसलं तर एक-दोन दिवसांत खाज सुटते, कातडी लाल होऊन पाणी धरते, पापण्या सुजतात. दाढी म्हणजे ऐन तोंडावरचा मामला. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्माची. आधी अनेकदा लावून काही झालं नव्हतं, हा बचाव चालत नाही. ती मधेच कधीही जडू शकते. म्हणून कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबायचं. खाज आली, पुरळ उठलं तर तो रंग आपल्यासाठी नाही, आणि दुसऱ्या कंपनीचा घेऊन पुन्हा नशीब अजमावण्याआधी कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं. तोंड सुजलं किंवा श्वासाला जड झालं तर तेवढंही थांबायचं नाही, सरळ दवाखाना.

साखरपुडा रविवारी होता. मेहंदीचा विचार सोडून डब्यातली क्रीम आणली आणि सोमवारी रात्री साडूंच्या कोपरात तिचा थेंब टाकला. गुरुवारपर्यंत काही उठलं नाही. रंग लावायला गुरुवार संध्याकाळ धरली, आणि यात थोडा हिशोब होता. आदल्या रात्री लावला तर रंग ताजा आणि भडक दिसतो, कातडीला लागलेले डागही तसेच असतात. आठवडाभर आधी लावला तर मुळाशी पांढरं डोकावतं, कारण दाढी दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. तीन दिवसांत जेमतेम मिलिमीटरभर. तेवढं चालतं.

नंबराचा वाद दुकानातच झाला. डब्यावरच्या आकड्यांत एक म्हणजे ठार काळा, तीन गडद तपकिरी, चार मध्यम तपकिरी. साडूंचा हात सरळ एकावर गेला. "आपले केस काळेच आहेत की," ते म्हणाले. मी त्यांना दुकानाबाहेर उन्हात उभं करून गालावरचा एक केस उपटला आणि पांढऱ्या पिशवीवर धरला. काळा नव्हता, तपकिरीच होता. दाढीचा रंग बऱ्याच जणांचा डोक्यापेक्षा उजळ असतो. शिवाय ठार काळ्यात चूक झाली तर परतीची वाट नाही; तपकिरी फिका पडला तर मिनिटभर जास्त ठेवता येतो. तीन नंबर घेतला. चारही चालला असता.

लावायचं काम नेहमीच्या सलूनमधल्या पोरानं केलं. दाढीची कोरणी मात्र आदल्या दिवशीच करून घेतली होती, कारण वस्तरा फिरलेल्या ताज्या कातडीवर रंग चरचरतो. आणि कडाही मुद्दाम पट्टीनं ओढल्यासारखी धारदार कोरली नाही. धारदार कड आणि सपाट रंग एकत्र आले की दाढी पेननं काढल्यासारखी दिसते.

पोरानं दाढीभोवतीच्या कातडीवर व्हॅसलीनचं बोट फिरवलं, केसाला लागू न देता. प्लास्टिकच्या वाटीत दोन्ही ट्यूबमधलं थोडं थोडं सारख्या मापानं घेतलं, सुपारीएवढंच. एवढ्या दाढीला तेवढं पुरतं. साडूंना उरलेलं कालवण डबीत भरून न्यायचं होतं, पण एकदा दोन्ही मिसळलं की ते टिकत नाही. बंद डबीत ठेवलं तर फुगतं, नंतर लावलं तर रंग धरत नाही. न मिसळलेल्या ट्यूबा तेवढ्या घरी न्यायच्या.

मग जुन्या टूथब्रशनं हनुवटीपासून सुरुवात. कोरड्या दाढीवर, केसांच्या वरवर, विंचरल्यासारखा हात. कातडीत चोळायचा नाही. विरळ दाढीखालची कातडी काळी झाली की सगळं उघडं पडतं. हनुवटीनंतर मिशीच्या कडा, ओठ आणि नाकपुडी सांभाळून. गालांना ब्रश लावलाच नाही. कानाजवळ आल्यावर पोरगा थांबला आणि म्हणाला, "सर, हितं लावत नाही. वरचे केस पांढरे हैत, खालचे काळे केले तर जोड दिसंल."

"कामून? थोडं लाव की," साडू.

"शेवटी लावतो, आन् लगेच पुसतो."

हे पोरगं हुशार निघालं. डोक्याचे आणि दाढीचे केस जिथं भेटतात ती दोन बोटांची जागा सगळ्यात फितूर असते. तिथं पांढरं ठेवावं लागतं, म्हणजे वरून खाली येताना नजर अडखळत नाही.

वाटीतलं कालवण तोवर काळं पडलं होतं. ते बघून साडू घाबरले, पण त्यावरून काही ठरवायचं नसतं. हवा लागली की ते काळवंडतंच. खरा रंग बघायचा तर ओल्या कापसानं हनुवटीवर एक बारीक जागा पुसून बघायची. पोरानं तीन मिनिटांनी पुसलं तर राखाडी-तपकिरी निघालं. पाचव्या मिनिटाला पुन्हा पुसलं तर बरंच जुळत होतं, तरी गालाच्या मानानं किंचित उजळ. तिथंच धुवायला लावलं. ओले केस सुकलेल्यांपेक्षा गडद दिसतात हे खरं, पण तेवढी सूट धरूनही मी उजळच ठेवायच्या मताचा आहे. डोक्याच्या क्रीमवर वीस-तीस मिनिटं लिहिलेली असतात, ती दाढीला आंधळेपणानं लावली की पांढरे केस काळे होईपर्यंत कातडीही होते.

सुकल्यावर हनुवटीवर चार-दोन पांढरे केस राहिलेच होते. साडूंना ते डाचत होते. मला विचाराल तर तेवढ्या चार केसांनीच बाकीचं खरं करून टाकलं.

पुढचं सांभाळणं उन्हावर अवलंबून. आपल्याकडच्या उन्हात हा रंग दोन-तीन आठवड्यांत तांबूस मारायला लागतो. मोटारसायकलवर तोंडाला दस्ती बांधली तर थोडा जास्त टिकतो. लाल दिसतोय म्हणून पुन्हा सगळ्या दाढीवर थर चढवायचा मोह होतो, आणि इथंच बहुतेकांची दाढी डांबरी होते, कारण आधी रंगलेल्या केसावर रंग साचत जातो. लांब दाढीवाल्यानं फक्त मुळाशी आलेलं पांढरं रंगवावं. आखूड दाढीवाल्याचं सोपं आहे: सहा मिलिमीटरची दाढी ट्रिमरनं त्याच मापात ठेवली तर अडीच-तीन आठवड्यांत जुना रंग आपोआप कापून जातो. म्हणून सोडायचं ठरवलं तरी डोक्यासारखं महिनोन्महिने दुरंगी फिरावं लागत नाही.

रविवारी व्याही मंडळी आली. व्याह्यांची दाढी ठार काळी, कानशिलं पांढरी. चहा झाल्यावर ते साडूंच्या शेजारी सरकले, हनुवटीकडं बारीक नजरेनं बघितलं आणि हळूच विचारलं, "सर, तुम्ही काहीच लावत नाहीत का?" साडूंनी माझ्याकडं बघितलं. मग व्याह्यांना बाजूला घेऊन त्यांनी तीन नंबर सांगितला, आणि कानाजवळ लावू नका हेही सांगितलं.