मनमाडचं घड्याळ १४४ मायक्रोसेकंद पुढे

बीएस्सीच्या वर्गात विशेष सापेक्षता शिकवताना टाइम डायलेशनचं, म्हणजे चालत्या गाडीतलं घड्याळ प्लॅटफॉर्मवरून मोजलं तर हळू चालतं याचं, सूत्र एका तासात फळ्यावर येतं. मुलं ते उतरवून घेतात, आकडे घालून उत्तरंही काढतात. खरी अडचण सुरू होते ती कुणीतरी हात वर केल्यावर. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, गाडीतल्या माणसाच्या दृष्टीने तर प्लॅटफॉर्मच मागे पळतोय. मग त्याच्या मते प्लॅटफॉर्मचं घड्याळ हळू चालायला हवं. दोघांचंही एकमेकांपेक्षा हळू कसं?"

हा प्रश्न तिथल्या तिथे सोडवला नाही तर सापेक्षता मुलांना पटत नाही, फक्त पाठ होते. म्हणून मी पुढचे तास एकाच गाडीवर घालवले. आमच्याकडे लासलगाव, निफाड, मनमाडहून अप-डाऊन करणारी बरीच मुलं आहेत. त्यामुळे गाडी ठरली नाशिक रोड ते मनमाड. अंतर ७२ किलोमीटर धरलं, म्हणजे खऱ्याच्या जवळपास आणि भागाकाराला सोयीचं. रूळ सरळ मानले. गाडी नाशिक रोडला थांबत नाही, ०.६c वेगाने तशीच पुढे जाते. c म्हणजे प्रकाशाचा वेग, सेकंदाला ३ लाख किलोमीटर, तेव्हा गाडीचा वेग झाला सेकंदाला १ लाख ८० हजार किलोमीटर.

०.६ हा आकडा मी मुद्दाम घेते. डब्याच्या जमिनीवरून छताकडे प्रकाशाचा एक झोत सोडला आणि छत ३ मीटर उंच असलं, तर डब्यातल्या माणसाच्या घड्याळाने तो १० नॅनोसेकंदांत पोचतो. प्लॅटफॉर्मवरून पाहणाऱ्याला मात्र हा झोत तिरका जाताना दिसतो, कारण तो वर पोचेपर्यंत डबा पुढे सरकलेला असतो. तिरका मार्ग ३.७५ मीटर, डबा सरकला २.२५ मीटर, उंची ३ मीटर. हा शाळेतला ३-४-५ चाच काटकोन त्रिकोण आहे, नुसता पाऊण पट केलेला. ३.७५ मीटर जायला प्रकाशाला १२.५ नॅनोसेकंद लागतात. डब्यात १०, प्लॅटफॉर्मवर १२.५. गुणोत्तर १.२५, त्यालाच γ म्हणायचं. इथे वर्गमूळ काढायला लागत नाही, त्यामुळे मुलांचं लक्ष आकडेमोडीत न अडकता मुद्द्यावर राहतं.

मुद्दा कुठे आहे हे चेंडू घेतला की कळतं. डब्यात चेंडू सरळ वर टाकला तर प्लॅटफॉर्मवरून त्याचाही मार्ग तिरका आणि लांब दिसतो. पण त्याला गाडीचा वेगही मिळालेला असतो, म्हणून नेहमीच्या गाड्यांच्या वेगाला जास्त लांब मार्ग तेवढ्याच वेळात कापला जातो आणि काही विशेष घडत नाही. प्रकाशाला ही सोय नाही. प्लॅटफॉर्मवरून मोजला तरी त्याचा वेग c च राहतो. आइन्स्टाइनने १९०५ साली हे गृहीतक म्हणून मांडलं. मार्ग लांबला आणि वेग तोच राहिला, तर वेळ वाढण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे एका मुलाने बरोबर शंका काढली: डब्याची उंची दोघांसाठी ३ मीटरच कशावरून? लांबी आकुंचन पावते, मग उंची का नाही? मी त्याला कसारा घाटातला बोगदा घ्यायला सांगितलं. समजा गाडीचा टप बोगद्याच्या छताला जेमतेम टेकेल इतका उंच आहे. वेगामुळे उंची कमी होत असती, तर जमिनीवरचा म्हणाला असता गाडी बुटकी झाली, सुटसुटीत जाईल. गाडीतला म्हणाला असता बोगदा बुटका झाला, टप घासणार. टप घासला की नाही हे नंतर ओरखडा बघून ठरवता येतं, त्यात दोन मतं असूच शकत नाहीत. म्हणून वेगाला काटकोनात असलेली मापं बदलत नाहीत.

आता मनमाडचा प्रवास. जमिनीच्या हिशेबाने ७२ किलोमीटरला ४०० मायक्रोसेकंद लागतात. नाशिक रोड आणि मनमाड, दोन्ही स्टेशनांची घड्याळं आपसांत जुळवलेली आहेत. गाडी नाशिक रोडवरून गेली तेव्हा तिथल्या घड्याळात शून्य होतं, मोटरमनच्या घड्याळातही शून्य. गाडी मनमाडला पोचली तेव्हा तिथल्या घड्याळात ४००. मोटरमनच्या घड्याळात मात्र ४०० भागिले १.२५, म्हणजे ३२०. दोन्ही घड्याळं त्या क्षणी शेजारी-शेजारी आहेत, फोटो काढला तर एकात ४०० आणि दुसऱ्यात ३२० दिसेल. हा फोटो कुणी नाकारू शकत नाही.

मुलांचा गोंधळ बहुतेक वेळा याच्या पुढच्या पायरीला होतो. काही जण ७२ किलोमीटरला ३२० मायक्रोसेकंदांनी भागतात आणि वेग ०.७५c काढतात. चूक ओळखायची खूण सोपी आहे: वेग ०.६c यायला हवा, तो आला नाही तर अंतर एका निरीक्षकाच्या चौकटीतलं आणि वेळ दुसऱ्याच्या चौकटीतला घेतला गेला आहे. गाडी स्टेशनांच्या संदर्भात ०.६c ने जाते, तर स्टेशनंही गाडीच्या संदर्भात ०.६c नेच उलट येतात, यावर दोघांचं एकमत आहे. मग मोटरमनच्या ३२० मायक्रोसेकंदांत त्याच्यापुढून सरकलेलं अंतर १ लाख ८० हजार गुणिले ३२० मायक्रोसेकंद, म्हणजे ५७.६ किलोमीटर. ७२ ला १.२५ ने भागलं तरी हेच येतं. लेंग्थ कॉन्ट्रॅक्शनसाठी वेगळं गृहीतक लागलं नाही. जमिनीवरचा ज्याला हळू चाललेलं घड्याळ म्हणतो, त्यालाच मोटरमन कमी झालेलं अंतर म्हणतो.

आणि आता त्या मुलीचा प्रश्न. मोटरमनच्या दृष्टीने स्टेशनांची घड्याळं हळू चालतात. त्याच्या ३२० मायक्रोसेकंदांत मनमाडचं घड्याळ ३२० भागिले १.२५, म्हणजे फक्त २५६ ने पुढे सरकायला हवं. पण पोचल्यावर तिथे ४०० आहे. फरक १४४. हे १४४ कुठून आले?

मी हा आकडा फळ्यावर गोल करून ठेवला आणि स्टेशनांची घड्याळं मुळात जुळवली कशी, हे विचारलं. वर्गाने मिळून पद्धत ठरवली. दोन्ही स्टेशनांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे निफाडच्या आसपास, एक दिवा लावायचा. त्याचा प्रकाश ज्या क्षणी पोचेल त्या क्षणी प्रत्येक स्टेशनाने आपलं घड्याळ एकाच आकड्यावर लावायचं. अंतर सारखं, प्रकाशाचा वेग सारखा, जमिनीवरच्यांसाठी घड्याळं चोख जुळली.

हीच कृती त्याच रुळांवरून त्याच वेगाने चाललेल्या गाडीतून बघायची. तिथून निफाडपासून प्रत्येक स्टेशन २८.८ किलोमीटरवर आहे आणि अख्खी जमीन मागे, नाशिकच्या दिशेने, पळते आहे. दिवा लागला. मनमाड त्या झोताला सामोरं येतंय, नाशिक रोड त्याच्यापासून दूर पळतंय. प्रकाश गाडीच्या चौकटीतही c नेच जातो. तेव्हा मनमाड आणि झोत यांच्यातलं अंतर १.६c ने मिटतं: ६० मायक्रोसेकंद. नाशिक रोडकडचं ०.४c ने मिटतं: २४० मायक्रोसेकंद. म्हणजे गाडीच्या हिशेबाने मनमाडचं घड्याळ १८० मायक्रोसेकंद आधीच सुरू झालं. गाडीतून पाहता ते हळू चालतं, तेव्हा या १८० मध्ये ते १८० भागिले १.२५ इतकं पुढे गेलं. उत्तर येतं १४४.

गणित एका मुलाने फळ्यावर केलं. १४४ लिहून झाल्यावर त्याने मागे वळून गोल केलेल्या आकड्याकडे पाहिलं आणि खडू तसाच हातात धरून उभा राहिला. मग त्याने स्वतःहून खाली लिहिलं: १४४ + २५६ = ४००.

मोटरमनचं म्हणणं असं होतं: मी नाशिक रोडवरून गेलो त्याच क्षणी मनमाडच्या घड्याळात शून्य नव्हतं, आधीच १४४ झाले होते. पुढे ते हळूच चाललं आणि २५६ ने सरकलं. जमिनीवरचे म्हणतात त्या क्षणी तिथे शून्य होतं. भांडण घड्याळाच्या गतीवर नाहीच, 'त्याच क्षणी' म्हणजे कोणता क्षण यावर आहे. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन घटना एकदम घडल्या का, याचं उत्तर चौकटीगणिक बदलतं. टाइम डायलेशन आणि लेंग्थ कॉन्ट्रॅक्शन यांच्या शेजारी हे तिसरं ठेवलं नाही, तर पहिल्या दोहोंत विसंगती दिसणारच.

इथे एक सावधगिरी मी आवर्जून सांगते. मोटरमनला मनमाडचं घड्याळ डोळ्यांनी १४४ वर दिसत नाही. नाशिक रोडवरून जाताना त्याने दुर्बीण लावली तर प्रकाशाला यायला लागलेल्या वेळामुळे तिथे शून्याच्याही २४० मायक्रोसेकंद आधीची वेळ दिसेल. १४४ हा आकडा त्या विलंबाचा हिशेब चुकता केल्यावर मिळतो. 'दिसतं' आणि 'मोजलं जातं' यांत मुलांनी गल्लत केली की पुढची सगळी उदाहरणं बिघडतात.

खऱ्या गाडीत हे का जाणवत नाही, हेही विचारलं गेलं. ताशी १३० किलोमीटरने तासभर चाललेल्या गाडीतलं घड्याळ सुमारे २६ पिकोसेकंद मागे पडतं, म्हणजे २६ सेकंदांचा एक लाख कोटीवा भाग. पण वातावरणात उंचावर तयार होऊन खाली येणारे म्युऑन नावाचे कण ०.९९८c च्या आसपास असतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, त्यात ते जेमतेम ६६० मीटर गेले असते. तरी साधारण १५ किलोमीटर उंचीवर जन्मलेल्यांपैकी बरेच जमिनीपर्यंत पोचतात. आपण म्हणतो त्यांचं घड्याळ जवळजवळ १६ पट हळू चालतं. म्युऑनच्या बाजूने वातावरणाचा तो थर एक किलोमीटरहूनही पातळ असतो. नाशिक रोड-मनमाडचाच हिशेब, आकडे वेगळे.

शेवटी वेग ०.८c करून तीच गाडी पुन्हा सोडवायला दिली. जमिनीवर ३०० मायक्रोसेकंद, गाडीत १८०, अंतर ४३.२ किलोमीटर. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने मनमाडचं घड्याळ १९२ ने पुढे काढलं, त्यात १०८ मिळवले आणि ३०० च्या खाली दोन रेघा ओढल्या.