रेट घसरला आणि मी बायरला पत्र लिहिलं

आमचं एक्स्पोर्टचं काम छोटंसं आहे, बायर एकच मोठा आणि बिल त्याच्या चलनात. कोटेशन दिलं तेव्हा त्या चलनाचा रेट 50 रुपये होता, म्हणजे 20,000 च्या ऑर्डरचे आपल्याकडे 10 लाख व्हायचे, आणि दोन महिन्यांत रेट एकदम 46 वर आला, सरळ 80 हजारांचा फटका. आधी वाटलं भाव वाढवून मागावा, पण मग रेट उलटा फिरला की तोही भाव कमी करून मागणारच ना, म्हणून मी रिस्क वाटून घेण्याचा क्लॉज सुचवला.

पत्रात रडगाणं गायलं नाही. लिहिलं की बेस रेट 50 धरू, वरखाली 3 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 48.5 ते 51.5, ज्याचा फायदा-तोटा त्याचा. त्यापलीकडे जे होईल ते निम्मं-निम्मं, आणि दोन्ही बाजूंनी, रेट 51.5 च्या वर गेला तर निम्मा फायदा तुम्हाला. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात आधी टाकलं. आधीच पाठवलेल्या मालाला काही लागू नाही हेही स्पष्ट लिहिलं. खाली हिशोब दिला: पहिले 30 हजार माझे, उरलेल्या 50 हजारांतले 25 हजार तुमचे, 46 ने भागले की तुम्ही तुमच्या चलनात जादा द्यायचे 543.

त्याचं उत्तर आलं, तुमचा 40 टक्के खर्च कच्च्या मालाचा, तो तर तुम्ही आमच्याच चलनात घेता, मग त्यावर कसला तोटा? आणि खरं होतं ते, रेट पडला तसा तो मालही मला स्वस्त पडला होता, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग क्लॉज फक्त 60 टक्क्यांवर लावला, 12,000 वर. तोटा 48 हजार, त्यातले 18 माझे, उरलेल्या 30 चे निम्मे 15 हजार, म्हणजे त्याचे जादा 326. पहिल्या पत्रातच असं लिहायला हवं होतं.

रेट कुठल्या दिवसाचा धरायचा यावर सगळ्यात जास्त मेल झाले. त्याला पेमेंटच्या दिवसाचा हवा होता, पण मग पेमेंटला उशीर झाला की रेटही बदलणार, आणि तो दिवस माझ्या हातात नाही. शेवटी इन्व्हॉइसच्या तारखेला सेंट्रल बँकेने जाहीर केलेला रेट ठरला, सुट्टी असेल तर आधीच्या कामाच्या दिवसाचा.

एक गोष्ट आमच्या बँकेतल्या ताईंनी सांगितली म्हणून वाचलो. पेमेंट एलसीवर आहे, म्हणजे ठरलेल्या रकमेची हमी बायरच्या बँकेने दिलेली, आणि इन्व्हॉइसची रक्कम एलसीपेक्षा जास्त दिसली तर बँक कागदपत्रांत डिस्क्रिपन्सी, म्हणजे तफावत, काढून पेमेंट अडवू शकते. म्हणून इन्व्हॉइस मूळ भावाचाच, आणि फरकाची डेबिट किंवा क्रेडिट नोट वेगळी, 15 दिवसांत सेटल. रेट 10 टक्क्यांहून जास्त हलला तर क्लॉज थांबवून भाव पुन्हा बसून ठरवायचा.

त्याने सध्या सहा महिन्यांपुरतं मान्य केलंय, पहिली 326 ची नोट गेल्या आठवड्यात पाठवली.