२३ की ३१?

"मॅडम, शंभर ग्रॅम चिकनमध्ये प्रोटीन २३ ग्रॅम की ३१? एकदा काय ते नक्की सांगा."

दोन्ही. टाळाटाळ करत नाहीये. २३ हा कच्च्या, बिनहाडाच्या, बिनकातडीच्या छातीच्या तुकड्याचा आकडा, ३१ शिजवलेल्याचा. शिजताना पाणी निघून जातं, शंभराचे साधारण पाऊणशे ग्रॅम उरतात आणि प्रोटीन जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे शिजवून काही वाढत नाही, फक्त दाटतं. मटण-मासळीलाही हाच नियम. पॅकेटवर बहुधा कच्चा आकडा असतो, ॲपमध्ये दोन्ही असतात, आणि भांडण माझ्याशी होतं.

एवढं चिडायला कारण आहे. एका बाईंचं ऑपरेशन झालं होतं, जखम भरत नव्हती, वजन उतरत होतं. मुलगा वही घेऊन आला. रोज ३०० ग्रॅम चिकन, म्हणजे ९३ ग्रॅम प्रोटीन. शिवाय दुधात दोन कच्ची अंडी. "आणखी काय करू?" असं जवळजवळ ओरडूनच विचारलं त्याने. मी विचारलं, चिकन कधी तोलता? आणल्यावर. कुठला भाग? तंगड्या, आईला त्याच आवडतात. मग वहीतच हिशेब मांडला. ३०० मधले अंदाजे १०० ग्रॅम हाड. उरलेलं २०० ग्रॅम कच्चं मांस, आणि तंगडीत छातीपेक्षा प्रोटीन थोडं कमी, शंभराला २० धरा. झाले ४०. तेही आईंनी सगळं संपवलं तर. तो बराच वेळ ९३ च्या आकड्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "पण आकडा तर बरोबर होता ना?" होता. दुसऱ्याच तुकड्याचा होता.

अंड्यांचं वेगळं. दोन अंड्यांत १२ ग्रॅम असतंच, पण कच्च्या पांढऱ्यात पचनाला अडवणारे घटक असतात. १९९८ मधल्या एका छोट्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं ९१ टक्के प्रोटीन लहान आतड्यात शोषलं गेलं, कच्च्यातलं ५१ टक्के. कच्च्यात जंतूंचा धोका आहे तो वेगळाच. मी उकडून द्यायला सांगितलं.

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचे, आकडे सोडा, ताट बघा. त्या वहीनंतर तसं बिनधास्त म्हणवत नाही. पण आकडे दिले की लोक काटा घेऊन बसतात आणि जेवणारा माणूस बाजूलाच राहतो, हेही रोज बघते.

एकाच पातेल्यात घरच्या सगळ्यांचं शिजत असेल तर? कच्च्या बिनहाडाच्या मांसावरून एकूण प्रोटीन काढा, शिजल्यावर तुकडे निथळून तोला, आणि ताटात जितका वाटा येईल तितकं प्रोटीन धरा. थोडं रसात उतरतं, ते पकडता येत नाही. हाडासकट शिजवलंत तर हा हिशेबही ढिला पडतो, आणि हाडासकटच चव येते असं सांगणारे तुम्हीच असता.